श्लोकाचं कॅप्शन २८० कॅरॅक्टरमध्ये

एक्सवर श्लोक आणि अर्थ टाकला की शेवटी वाचकांना विचारायच्या प्रश्नाला जागाच उरत नाही. कारण काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'रागावर उतारा काय?' यात अक्षरं नऊ दिसतात, मोजणी भरते १७.

म्हणून मी असा साचा ठेवलाय:

१. पकड घेणारी ओळ: ४५
२. श्लोक: ११०
३. अर्थ, एकाच वाक्यात: ७५
४. प्रश्न: ४०

मध्ये प्रत्येकी एक रिकामी ओळ, म्हणजे तीन ठिकाणी दोन-दोन एंटर, आणखी ६. एकूण २७६.

इन्स्टाग्रामवर मर्यादा २,२०० असल्याने अर्थ ऐसपैस लिहा. मात्र पहिली ओळ तेवढीच ठेवा, बाकीचं 'more'च्या आड जातं.

श्लोक लांबला तर अर्थ खालच्या रिप्लायमध्ये टाका. चरण मात्र तोडू नका.