छेदाचं यंत्र बांधताना: ε-चालीला डीएफए जागेवरच थांबतो

संदर्भमुक्त भाषेचा नियमित भाषेशी छेद घेतला तर उरणारी भाषाही संदर्भमुक्तच असते. हे प्रमेय मला पाठ होतं. सिद्धताही सोपी वाटायची: पुशडाउन ऑटोमॅटन, म्हणजे स्टॅकयंत्र, आणि डीएफए एकाच वेळी चालवायचे, दोघांनी होकार दिला तरच शब्द स्वीकारायचा. पण पहिल्यांदा कागदावर यंत्र बांधलं, तेव्हा ते एकही शब्द स्वीकारेना. कुठे चुकलं ते शोधताना सिद्धता मला खऱ्या अर्थाने कळली, म्हणून तेच उदाहरण इथे घेतो.

एक भाषा aⁿbⁿ, n शून्यही चालेल. तिच्या स्टॅकयंत्राच्या तीन अवस्था. p मध्ये प्रत्येक a ला स्टॅकवर एक A टाकायचा. मग काहीही न वाचता, म्हणजे ε-चालीने, q मध्ये जायचं. q मध्ये प्रत्येक b ला एक A काढायचा. माथ्यावर तळाची खूण Z दिसली की पुन्हा काहीही न वाचता r मध्ये जायचं. r ही स्वीकाराची अवस्था. दुसरी भाषा 'a ची संख्या सम'. तिच्या डीएफएला दोनच अवस्था, 0 आणि 1. a आला की अवस्था बदलते, b आला की तीच राहते, आणि 0 ला स्वीकार.

आता जोडयंत्राची प्रत्येक अवस्था म्हणजे एक जोडी: डावीकडे स्टॅकयंत्राची अवस्था, उजवीकडे डीएफएची. तीन गुणिले दोन, म्हणजे सहा अवस्था. स्टॅक मात्र एकच, कारण डीएफएला स्टॅक लागतच नाही. सगळी सिद्धता या एका गोष्टीवर उभी आहे.

माझी चूक अशी होती. दोघांनी 'एकत्र' चालायचं असं डोक्यात घट्ट बसलेलं, म्हणून दोघांकडे चाल असेल तिथेच मी बाण काढत होतो. डीएफएला ε-चाल नसते, त्यामुळे p ते q आणि q ते r हे बाण मी गाळून टाकले. यंत्र p मध्येच अडकलं. ही चूक पकडायची सोपी खूण म्हणजे रिकामा शब्द तपासा. तो दोन्ही भाषांत आहे, तरी माझं यंत्र तो नाकारत होतं.

खरा नियम असा: अक्षर वाचलं तर दोघंही हलतात, ε-चाल असेल तर स्टॅकयंत्र हलतं आणि डीएफए जागेवर थांबतो. i म्हणजे 0 किंवा 1 धरून बाण असे होतात:

```
(p,i) --a, A टाका--> (p,1-i)
(p,i) --ε----------> (q,i)
(q,i) --b, A काढा--> (q,i)
(q,i) --ε, माथा Z--> (r,i)
```

स्वीकार फक्त (r,0) ला. aabb चालवून पाहा: (p,0), (p,1), (p,0), मग ε ने (q,0). दोन b दोन्ही A काढतात, Z दिसतो, आणि आपण (r,0) ला पोचतो. ab ला मात्र (p,1) वरून (q,1) आणि शेवटी (r,1). स्टॅकचा हिशेब जुळला, पण डीएफए नाही म्हणाला.

सिद्धता लिहिताना एकच विधान धरून ठेवा: जोडयंत्र शब्दाचा वाचलेला भाग संपवून (s,i) मध्ये, अमुक स्टॅक घेऊन पोचू शकतं, तेव्हा आणि तेव्हाच मूळ स्टॅकयंत्र तोच भाग वाचून तोच स्टॅक घेऊन s मध्ये पोचू शकतं आणि डीएफए i मध्ये असतो. चालींच्या संख्येवर इंडक्शन घेतलं की झालं; ε ची पायरी वेगळी दाखवायला विसरू नका.

आणखी एक खाचखळगा. तुमचं स्टॅकयंत्र रिकाम्या स्टॅकने स्वीकारत असेल, तर ते आधी अंतिम अवस्थेने स्वीकारणारं करून घ्या. नाहीतर स्टॅक रिकामा झाला की शब्द स्वीकारला जातो, आणि डीएफए तेव्हा कुठल्या अवस्थेत होता हे कुणी विचारतच नाही.

डीएफएच्या जागी दुसरं स्टॅकयंत्र का चालत नाही, हा प्रश्न पडायलाच हवा. aⁿbⁿcᵐ आणि aᵐbⁿcⁿ या दोन्ही संदर्भमुक्त. b वाचताना पहिलं यंत्र स्टॅकमधून काढतं, दुसरं त्याच वेळी टाकतं. एका स्टॅकवर दोन्ही कशी जमणार? त्यांचा छेद aⁿbⁿcⁿ, आणि तो संदर्भमुक्त नाही.

प्रमेयाचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो इथेच. a, b, c समसमान असलेल्या, क्रम कसाही चालणाऱ्या शब्दांची भाषा घ्या. ती संदर्भमुक्त असती, तर a*b*c* शी तिचा छेदही संदर्भमुक्त असता. पण तो छेद नेमका aⁿbⁿcⁿ आहे.