डोंबिवली ते दादर, पहिल्यांदाच आणि गर्दीच्या वेळी

नवी नोकरी दादरला लागली असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळीच महिन्याचा पास काढून ठेवा, सकाळची रांग टळेल. खिडकीवर पास काढताना ओळखपत्र न्या आणि प्रवासातही ते जवळ ठेवा. सेकंड क्लासच्या पासावर फर्स्ट क्लासमध्ये चढलात तर दंड भरावा लागतो. बायकांच्या फर्स्ट क्लासलाही हेच लागू.

फलाटावर जलद गाडी बघा आणि लेडीज डबा कुठे लागतो ते रोजच्या बायकांना विचारा. बारा डब्यांची आणि पंधरा डब्यांची गाडी एकाच जागी थांबत नाही. डब्यावरची पाटी वाचाच: काही डबे चोवीस तास महिलांचे असतात, काही ठरावीक वेळेपुरतेच.

चढताना आधी उतरणाऱ्यांना वाट द्या, सॅक पुढे घ्या. बसायचं असेल तर बसलेल्या बाईला "कुठे उतरणार?" विचारा. ती "ठाणे" म्हणाली की ती जागा तुमची. आधी कुणी विचारलं असेल तर हक्क तिचा. इथे हे फार पाळलं जातं, आणि पाळावंच.

खरी कसोटी उतरण्याची. घाटकोपर गेलं की उठा, दाराकडे सरका आणि पुढच्या प्रत्येकीला "दादर?" विचारा. ती हो म्हणाली तर तिच्या मागे उभ्या राहा, नाही म्हणाली तर जागा बदलून घ्या. कुर्ल्यानंतर हे जमत नाही, कारण तिथे चढणाऱ्यांनी दार भरतं. राहिलंच तर धावत्या गाडीतून उतरू नका. पुढे भायखळ्याला उतरून परत या.