दोन समांतर प्रभारित पत्रे : तिन्ही भागांतले विद्युत क्षेत्र कसे काढावे

समजा दोन पातळ, अफाट पसरलेले पत्रे समोरासमोर उभे आहेत. डावीकडच्या ‘क’ पत्र्यावर दर चौरस मीटरला +17.7 नॅनोकूलोम प्रभार आहे आणि उजवीकडच्या ‘ख’ वर −8.85. प्रभार जागच्या जागी स्थिर आहे. त्यांच्यामुळे जागेचे तीन भाग पडतात: ‘क’ च्या डावीकडचा, मधला आणि ‘ख’ च्या उजवीकडचा.

आधी एकच पत्रा घ्या. त्याला आरपार छेदणारा एक छोटा डबा कल्पा, ज्याची दोन्ही झाकणे पत्र्याला समांतर आहेत आणि प्रत्येकाचे क्षेत्रफळ A आहे. पत्रा सगळीकडे सारखाच असल्याने क्षेत्र पत्र्याला लंबच असणार, म्हणून डब्याच्या बाजूंतून फ्लक्स जात नाही. तो फक्त दोन्ही झाकणांतून जातो. क्षेत्राला E आणि दर चौरस मीटरच्या प्रभाराला σ म्हटले, तर गॉसच्या नियमाने:

```
2EA = σA/ε₀
E = σ/(2ε₀)
```

या सूत्रात अंतर कुठेच नाही, म्हणजे पत्र्यापासून कितीही दूर गेलो तरी क्षेत्र तेवढेच राहते. ε₀ = 8.85 × 10⁻¹² घेतल्यास ‘क’ चे क्षेत्र 1000 N/C येते आणि ‘ख’ चे 500 N/C.

σ चे ऋण चिन्ह इथे सूत्रात घालू नका. सूत्रातून फक्त परिमाण काढा आणि दिशा बाणाने दाखवा: धन पत्र्यापासून दूर, ऋण पत्र्याकडे. चिन्ह दोन्हीकडे वापरले की बाण उलटतो, आणि माझ्या मते या गणितातली बहुतेक उत्तरे इथेच चुकतात.

आता प्रत्येक भागात दोन्ही बाण काढा. ‘क’ चे क्षेत्र ‘ख’ पाशी थांबत नाही, ते पलीकडेही तसेच जाते. ‘ख’ पत्रा आडवा येत नाही, तो फक्त आपले क्षेत्र त्यात मिळवतो. उजवी दिशा धन मानून:

```
डावा भाग : −1000 + 500 = −500 N/C
मधला भाग : +1000 + 500 = +1500 N/C
उजवा भाग : +1000 − 500 = +500 N/C
```

उत्तर बरोबर आहे का, हे गॉसचा नियमच सांगतो. कोणताही पत्रा डावीकडून उजवीकडे ओलांडताना क्षेत्र σ/ε₀ इतके बदलले पाहिजे, आणि इथे मात्र चिन्ह धरायचे. ‘क’ पाशी ते −500 वरून +1500 होते, म्हणजे 2000 ने वाढते, 17.7 × 10⁻⁹ ला ε₀ ने भागले तरी 2000 च येतात. ‘ख’ पाशी ते 1500 वरून 500 वर उतरते, म्हणजे बदल −1000, आणि तोही जुळतो. तुमच्या बदलाचा आकडा नेमका दुप्पट आला, तर प्रत्येक पत्र्यासाठी σ/(2ε₀) ऐवजी σ/ε₀ घेतले गेले आहे.

दोन्ही पत्र्यांवर सारखाच पण विरुद्ध प्रभार असता, तर बाहेरच्या दोन्ही भागांत बाण एकमेकांना रद्द करून शून्य उरले असते आणि मध्ये σ/ε₀. खऱ्या, मर्यादित पत्र्यांना हे आकडे कडांपासून दूर आणि पत्र्यांच्या जवळच लागू पडतात. लांबी-रुंदीच्या मानाने अंतर फारच कमी असायला हवे, कारण कडांजवळ क्षेत्ररेषा बाहेर फुगतात आणि तिथे डब्याच्या बाजूंतूनही फ्लक्स जाऊ लागतो.