पोती भिजली, हळद नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर मी लिखापढीला लागले, तेव्हा उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांना हिंदीत निरोप पाठवायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत तीन वर्षं हिंदी होती, मार्कही बरे पडायचे. पहिल्याच पावसाळ्यात मी एका पार्टीला लिहिलं, "पचास बोरे हल्दी भेज दी है। ऊपर रखे थे, थोड़ी भीग गई।"

मला म्हणायचं होतं की वरची पोती थोडी भिजली. पलीकडच्याने वाचलं की हळद थोडी भिजली. तासाभरात फोन आला आणि भाव पाडायची भाषा सुरू झाली. खरं तर नुसतं बारदान ओलं झालं होतं, आत माल खडखडीत कोरडा होता.

चूक कुठे झाली हे मला दोन दिवसांनी उमगलं. मराठीत 'पोतं' नपुंसकलिंगी. त्याचं अनेकवचन 'पोती', आणि क्रियापद 'भिजली'. विशेषणही 'थोडी'. हा शेवटचा ईकार आपल्या जिभेवर इतका बसलेला असतो, की हिंदीत तो आपोआप उतरतो. पण हिंदीत नपुंसकलिंग नाही. तिथे 'थोड़ी' आणि 'गई' ऐकलं की ऐकणारा स्त्रीलिंगी शब्द शोधतो, आणि माझ्या निरोपात स्त्रीलिंगी एकच होती, हल्दी. 'बोरा' पुल्लिंगी, म्हणून लिहायला हवं होतं, "ऊपर के दो बोरे थोड़े भीग गए, हल्दी सूखी है।"

आमच्याकडे नवीन मुलंमुली येतात, तेव्हा मी आधी हेच बघते. 'मुलं आली'चं 'बच्चे आई' होतंय का? 'घरं पडली'चं 'घर गिरी' होतंय का? बरोबर आहे 'बच्चे आए', 'घर गिरे'. मराठी वाक्य मनात म्हणून बघा. कर्ता किंवा कर्म 'ती मुलं', 'ती घरं', 'ती पोती' असं येत असेल, तर ईकार लिहिण्याआधी थांबा आणि हिंदी शब्दाचं लिंग तपासा.

कारण नपुंसकलिंगी शब्द हिंदीत जातात कुठे, तर बहुतेक पुल्लिंगात. पानी, दूध, घर, काम, वज़न. पण काही स्त्रीलिंगात जातात, आणि ते नेमके रोजच्या वापरातले आहेत. आपलं दुकान, त्यांची 'दुकान'. आपलं पुस्तक, त्यांची 'पुस्तक'. नाक आणि सरकारही तसेच. शिवाय चहा आणि आवाज आपल्याकडे पुल्लिंगी, हिंदीत 'चाय' आणि 'आवाज़' दोन्ही स्त्रीलिंगी. नुसता शब्द पाठ केला तर लिंग टिकत नाही. मी वहीत प्रत्येक शब्दामागे विशेषण लावून लिहायचे, 'ठंडा पानी', 'अपनी दुकान', 'लंबी नाक'. विशेषणासकट शब्द तोंडात बसला की क्रियापद सहसा चुकत नाही.

एका जागी मात्र नपुंसकलिंगाचा सरळ उपयोग होतो. 'मी मुलीला पाठवलं' यात क्रियापद मुलीशी जुळत नाही, तटस्थ 'लं' घेतं. हिंदीत त्या 'लं'ची जागा 'आ' घेतो, "मैंने लड़की को भेजा"। 'को' आला की 'भेजी' नाही.

आता 'ने'. मराठीत 'त्याने' म्हणताना तो दिसतो, 'मी' आणि 'तू'मध्ये दिसत नाही, म्हणून आपण 'मैं काम किया' म्हणतो. मिरजेच्या बाजारात दखनी वळणाची हिंदी कानावर पडते, तिच्यात हे चालतं, आणि ती बोली मला फार गोड वाटते. पण दिल्ली-कानपूरच्या व्यापाऱ्याला लिहिताना "मैंने काम किया" हवं.

इतकं कळलं की लोक सगळीकडे 'ने' लावायला लागतात, आणि 'लाना' घात करतो. 'मी नमुना आणला' यात आपलं क्रियापद नमुन्याशी जुळतं, म्हणून 'मैंने नमूना लाया' अगदी बरोबर वाटतं. पण 'लाना' सकर्मक असूनही 'ने' घेत नाही. मी बाई आहे, म्हणून मी लिहिते, "मैं नमूना लाई"। पुरुष लिहील 'लाया'. नमुन्याच्या लिंगाचा इथे संबंधच नाही.

उलटंही घडतं. 'मी चहा प्यायले', 'मी हिशोब शिकले' ही मराठी क्रियापदं माझ्याशी जुळतात. हिंदीत दोन्हींना 'ने' लागतो आणि क्रियापद माझ्यापासून सुटतं, "मैंने चाय पी", "मैंने हिसाब सीखा"। गेल्या आठवड्यात नव्या मुलीने लिहिलं होतं, "मैं हिसाब सीखी, मैंने पर्ची लाई"। दोन वाक्यं, आणि 'ने' नेमका उलट जागी. मी तिला दुरुस्त करून दिलं नाही. दोन्ही वाक्यं आधी मराठीत म्हणायला लावली, आणि प्रत्येकात क्रियापद कुणाशी जुळतंय ते बोटाने दाखवायला सांगितलं. तिने पहिल्यात 'मी'वर बोट ठेवलं, दुसऱ्यात 'पावती'वर, आणि मग स्वतःच 'ने' इकडचा तिकडे केला.