गुलाबजामसाठी घरचा खवा: दूध कोणतं आणि किती वेळ आटवायचं

एक लिटर दुधाचा खवा करताना 800 मिलिलिटरहून थोडं जास्त पाणी वाफ होऊन जावं लागतं. म्हणून भांडं पसरट हवं. जाड बुडाच्या, रुंद तोंडाच्या लोखंडी कढईत 40 मिनिटांत काम होतं, उभट पातेल्यात तासभर सहज जातो.

दूध मात्र आधी ठरवा. पिशवीच्या फुल क्रीम दुधात साधारण 6 टक्के स्निग्धांश आणि 9 टक्के बाकीचे घन पदार्थ असतात. लिटरमागे 200 ग्रॅमच्या आसपास मऊ, किंचित तूप सुटणारा खवा निघतो. म्हशीचं घट्ट दूधही असंच. टोन्ड दुधात स्निग्धांश 3 टक्केच असतो. त्याचा खवा दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच पडतो, वर कोरडा आणि चिवट होतो. असा खवा मळला तरी एकजीव होत नाही, गुलाबजाम आतून घट्ट राहतात. गाईच्या दुधाचा खवा पिवळसर, ओलसर आणि थोडा चिकट असतो. पेढ्याला चालेल, गुलाबजामला मी घेणार नाही. वरून साय घालून स्निग्धांश वाढवण्याचाही मोह नको. खवा तेलकट झाला तर गुलाबजाम तळताना फुटतात.

दूध ताजं घ्या. आंबूस व्हायला लागलेलं दूध आटताना फाटतं आणि खवा रवाळ होतो. कलाकंदाला तेच हवं असतं, इथे नको.

मोठ्या आचेवर उकळी आणा आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं दूध मध्यम ते मोठ्या आचेवर उकळत ठेवा. या वेळात सतत हात चालवायची गरज नाही, पण दर मिनिटाला उलथनं बुडापर्यंत फिरवा आणि कडेला चिकटलेली साय खरवडून परत दुधात घ्या. कडेला वाळू दिली तर त्या पापुद्र्यांच्या कडक गुठळ्या खव्यात शेवटपर्यंत राहतात.

दूध बासुंदीइतकं दाट झालं की आच मंद करा. आता कढईपासून हलायचं नाही. पाणी कमी झाल्यावर दुधातली साखर आणि प्रथिनं बुडाला लागून झपाट्याने तांबूस होतात, आणि करपट वास एकदा लागला की तो वेलची घालूनही जात नाही. उलथन्याची सपाट कड बुडाला टेकवून सतत ढवळा. थोड्या वेळाने बुडबुडे जड होऊन फटफट फुटतात, मग मिश्रण कडा सोडून मधे गोळा होऊ लागतं आणि कढईला तुपाची चमक येते.

इथेच गॅस बंद करा. गोळा अजून थोडा सैल वाटेल, पण कढईच्या उष्णतेवर आणखी आटतो आणि गार झाल्यावर आवळतो. पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलात तर दुसऱ्या दिवशी किसणीवर किसावा लागेल. ताटलीत काढून गार करा, झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत वापरा.