माया समजून घेताना या चुका टाळा

‘जग मिथ्या’ म्हणजे जग नाहीच, सगळे मनाचे खेळ, ही सगळ्यात कॉमन चूक. माया मानणारे अद्वैतवाले, म्हणजे ब्रह्म हेच एकमेव अंतिम सत्य मानणारे शंकराचार्यांच्या परंपरेतले लोक, असं म्हणतच नाहीत. त्यांच्याकडे दोन टेस्ट आहेत. तिन्ही काळात कुठल्याच ज्ञानाने जे रद्द होत नाही ते सत्, आणि जे कधी कोणाच्या अनुभवालाच येत नाही ते असत्, म्हणजे सशाचं शिंग किंवा वांझेचा मुलगा.

आता त्यांचाच दोरी-सापाचा दृष्टांत नीट लावून बघा. अंधारात साप दिसला, दचकलात, घाम फुटला, मग टॉर्च मारली तर दोरी. तो साप असत् म्हणावा तर घाम कशाने फुटला, सशाच्या शिंगाला कोणी घाबरत नाही ना. बरं, सत् म्हणावा तर नुसत्या उजेडाने तो रद्द झाला नसता, खरा साप टॉर्चनंतरही सापच राहतो. शिवाय हा साप कुठे पळूनही गेला नाही, तिथे तो कधी नव्हताच हे आत्ता कळलं. म्हणून तो दोन्ही टेस्टमध्ये बसत नाही, आणि अशाला ते सदसद्विलक्षण किंवा अनिर्वचनीय म्हणतात. जगही तसंच, दिसतं म्हणून असत् नाही, ब्रह्मज्ञानाने बाधित म्हणजे रद्द होतं म्हणून सत् नाही.

पण इथेच लोक दुसरी चूक करतात, साप आणि जग एकाच लेव्हलवर ठेवतात. साप प्रातिभासिक म्हणजे नुसता भासणारा, जग व्यावहारिक म्हणजे व्यवहारापुरतं खरं आणि ब्रह्म पारमार्थिक म्हणजे अंतिम सत्य, अशा तीन पायऱ्या आहेत. खुद्द शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (२.२.२८-२९) बाहेर वस्तू नाहीतच, फक्त मनातलं ज्ञान आहे म्हणणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांशी वाद घालताना ठासून सांगितलंय की बाहेरच्या वस्तू अनुभवाला येतात म्हणून त्या नाहीत असं म्हणता येत नाही, आणि जागेपण स्वप्नासारखं नाही, कारण स्वप्न जाग आल्यावर बाधित होतं, समोरचा खांब तसा होत नाही. त्यामुळे ‘सगळं मायाच आहे, मग कर्ज कशाला फेडू’ हे लॉजिक शंकरांच्या नावावर अजिबात खपवू नका, व्यवहारात व्यवहाराचेच नियम चालतात.

आणखी एक घोळ म्हणजे ज्ञान झालं की जग दिसायचंच बंद होईल असं धरून चालणं. दोरीचा दृष्टांत अति ताणला की हे होतं. तिथे मृगजळ घ्यावं, पाणी नाही हे पक्कं माहीत असूनही ते दिसत राहतं, फक्त कोणी हंडा घेऊन धावत नाही. जीवन्मुक्त, म्हणजे जिवंतपणीच ज्ञान होऊन मुक्त झालेला, जेवतो, चालतो, बोलतो ते असं.

शेवटचं, हे सगळ्या भारतीयांचं एकमत समजू नका. रामानुजांनी श्रीभाष्यात थेट विचारलंय की सत् आणि असत् सोडून तिसरं काही कोणाच्या अनुभवाला आलंय का, आणि हा भ्रम घडवणारी अविद्या म्हणजे अज्ञान राहतं कुठे, जीवात की ब्रह्मात? जीवात म्हणावं तर जीव स्वतःच अविद्येमुळे झालेला, ब्रह्मात म्हणावं तर ते ज्ञानस्वरूप. आणि आपल्या ज्ञानेश्वरांनी तर अमृतानुभवात सातवं प्रकरणच अज्ञानखंडनाला दिलंय, त्यांना जग म्हणजे चैतन्याचाच विलास वाटतो.