परदेशी स्वेटरच्या लेबलवरच्या खुणा

शिवणीत दडलेलं लेबल कापून फेकण्याआधी एकदा नीट वाचा. समजा त्यावर व्हिस्कोज ६८%, पॉलिअमाइड २७%, इलॅस्टेन ५% असं लिहिलंय. हे टक्के वजनाचे असतात. पॉलिअमाइड म्हणजे आपलं नायलॉन, आणि इलॅस्टेन म्हणजे ताण देणारा धागा, ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो. खरी मेख व्हिस्कोजमध्ये आहे. ते मऊसूत असतं, पण ओलं झालं की कमकुवत होतं आणि पाण्याच्या वजनानं लोंबतं.

आता खुणा बघा. टबमध्ये ३० म्हणजे पाणी जास्तीत जास्त ३० अंश सेल्सिअस. टबखाली दोन रेघा असतील तर मशीन सर्वांत नाजूक सेटिंगवर लावायचं. टबमध्ये हात दिसला तर मशीन नकोच, हातानंच धुवा. फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच बंद.

सगळ्यात जास्त घोळ चौकोनात होतो. आत उभी रेघ असेल तर कपडा दोरीवर वाळत घाला, आडवी असेल तर सपाट पसरून. आपल्या स्वेटरवर आडवी रेघ होती. मी सवयीनं दोरीवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत बाह्या बोटांच्या खाली आल्या! चौकोनातल्या वर्तुळावर फुली असेल तर ड्रायर वर्ज्य.

इस्त्रीत एकच ठिपका असला तर ११० अंशांपर्यंत, तीही वाफेशिवाय. तीन ठिपके म्हणजे २००. ते सुती-लिननसाठी, इथं इलॅस्टेनचा ताण कायमचा जाईल.